ओरिजिनल कपाटातच आहे

हॉल तिकिटावर जी बाई होती ती थोरली नव्हती.

नाव थोरलीचं, जन्मतारीख थोरलीची, खालची सही थोरलीची, पद प्रयोगशाळा सहायकाचं, केंद्राचा पत्ताही ठीक. आणि फोटोच्या चौकटीत कोण, तर एक वीस-बावीस वर्षांची पोरगी, कानात लोंबते डूल, ओठ घट्ट मिटलेले. थोरलीने तिला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरसमोर ती उभ्यानेच वाकून बघत होती. आधी वाटलं, आपण नंबर चुकीचा टाकला. परत टाकला. परत तीच पोरगी आली.

आता या थोरलीचं जरा सांगायला हवं. थोरली म्हणजे घरातली थोरली सून. अकरा वर्षं ती त्या लॅबमध्ये कंत्राटावर काम करत होती. रक्त काढायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मशीन धुवायचं, आणि कायम नोकरीतले साहेब चहाला गेले की त्यांचंही काम करायचं. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपायचं, एक दिवस घरी बसायचं, मग नवीन कंत्राट. कायम पदाची परीक्षा दोन-तीन वर्षांतून एकदा निघे. वयाची अट अडतीस, आणि पुढच्या महिन्यात थोरलीला अडतीस पुरी होत होती. म्हणजे ही शेवटची संधी. ती गेली की ज्या खुर्चीवर ती अकरा वर्षं बसली त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी कायमचं बसणार, आणि थोरलीनेच त्याला काम शिकवायचं. अभ्यास तिने कसा केला हे तिचं तिला ठाऊक. भाकऱ्या थापताना पोरीला पुस्तक धरून प्रश्न विचारायला लावायची.

फॉर्म भरला होता तिच्या दिराने. घराच्या पुढच्या खोलीत भावजींचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि बाहेर पाटी: सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील. माणूस वाईट नव्हता. पण त्याची एक रीत होती आणि ती रीतच मुळात आगलावी होती. दहावीस जणांचे कागद गोळा करायचे, सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ओळीने ठेवायचे, आणि एका बैठकीत धडाधड फॉर्म भरून मोकळं व्हायचं. मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच, तो म्हणजे भावजींचा. लोकांना मेसेज कळत नाहीत, असं तो म्हणे. हॉल तिकीट निघालं की तोच सगळी छापायचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वाटायचा. आधी दिली तर हरवतात, असंही तो म्हणे. आणि गिऱ्हाइकंही अशी गुणाची की कुणी म्हणून आपलं तिकीट आपण उघडून बघायचं नाही. भाऊ करतील, भाऊंना माहीत आहे, भाऊ आहेत ना. थोरलीसुद्धा त्यातलीच होती, खोटं कशाला बोला. त्या दिवशी लॅबमधल्या एकाने सहज विचारलं की तुमचं तिकीट बघितलं का, म्हणून तिने बघितलं.

परीक्षेला आठ दिवस होते. थोरलीने दोन पानं छापली आणि दुसरं पान तिथेच उभ्याने वाचून काढलं, जे पान आजवर कुणी वाचलं नव्हतं. फोटो जुळला नाही तर प्रवेश नाही. चूक असल्यास परीक्षेच्या तीन दिवस आधीपर्यंत मदत कक्षात स्वतः यावं. सोबत हॉल तिकीट, अर्ज, दोन नवे फोटो आणि मूळ ओळखपत्र. मूळ या शब्दाखाली रेघ होती, आणि पुढे कंसात लिहिलं होतं की छायाप्रत, रंगीत प्रत किंवा मोबाईलमधला फोटो चालणार नाही.

घरी पोचेपर्यंत तिचं डोकं तापलं होतं. चप्पल न काढता ती दुकानात शिरली, कागद भावजींच्या कीबोर्डवर आपटला आणि विचारलं की ही कोण. भावजींनी चष्मा वर केला, बघितलं, आणि हसले. हसले हो! म्हणाले, ही तर ती, फॉर्म भरते म्हणून फोटो देऊन गेली आणि परत आलीच नाही. मग फोल्डर उघडून बघितलं आणि हसू मावळलं. त्या पोरीचा फोटो फोल्डरमध्ये तसाच राहिला होता, थोरलीच्या बरोबर वर. म्हणजे थोरलीच्या फॉर्मला तिचा फोटो लागला, थोरलीचा फोटो लागला पुढच्याला, पुढच्याचा त्याच्या पुढच्याला. शेवटी एक फोटो उरला होता, तो भावजींनी डबल आला असेल म्हणून पुसून टाकला होता. एकूण नऊ जण. थोरलीचा फोटो ज्याच्या तिकिटावर होता तो तिच्याच हॉस्पिटलातला छातीपर्यंत दाढी वाढवलेला वॉर्डबॉय होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी थोरली पोट धरून हसली असती.

तिने विचारलं, दुरुस्तीसाठी मुदत असते ना, मेसेज येतो ना? भावजी मोबाईल चाळू लागले. मग बाहेर आलं की मेसेज आला होता, महिन्यापूर्वी, तीन दिवसांची मुदत होती, तपशील तपासून घ्या म्हणून. एकाच नंबरवर चाळीस फॉर्मचे चाळीस मेसेज. मोबाईल सारखा वाजत होता म्हणून त्यांनी आवाज बंद करून ठेवला होता.

“आवाज बंद केलात?” थोरली म्हणाली. “माझी अकरा वर्षं वाजत होती त्यात, भावजी.”

भावजी खालच्या आवाजात म्हणाले की वहिनी, तुमचं मी उद्याच्या उद्या करून आणतो, चार माणसं ओळखीची आहेत, बाकीच्यांना फोटो चिकटवून देऊ, गेटवर कोण बघतंय एवढं. फक्त बाहेर बोलू नका, दुकान बसेल. आतून मामंजी आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि निकालही देऊन टाकला: घरातलं घरात मिटवायचं, घरची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची नसते.

या मामंजींचंही सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं. मामंजी म्हणजे थोरलीचे सासरे, एका मोठ्या कचेरीत रेकॉर्ड रूमवर तीस वर्षं होते. तिथे एकदा कुणाचातरी मूळ कागद त्यांच्या हातून गहाळ झाला, आणि सहा महिने ते निलंबित होते. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला तो असा: ओरिजिनल कपाटाबाहेर जायचं नाही. घरात सहा माणसं, सहांची ओळखपत्रं, दाखले, मार्कलिस्ट, सगळं लोखंडी कपाटात, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, आणि किल्ली मामंजींच्या गळ्यातल्या दोऱ्याला. रोज वापरायला प्रत्येकाला रंगीत प्रत, भावजींच्या मशीनवर लॅमिनेशन केलेली, इतकी हुबेहूब की बँकेतली माणसंही फसत. कुणी ओरिजिनल मागितलं की मामंजी विचारत, कशाला, कधी आणणार, प्रत का चालत नाही? लग्नानंतर थोरलीने आपले कागद त्यांच्या हाती दिले ते शेवटचे. स्वतःचं ओळखपत्र तिने हातात धरून कित्येक वर्षं झाली होती.

तर घरातलं घरात मिटवा, असं ते म्हणाले आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही देवमाणूस नव्हती हे इथे सांगून ठेवतो. बाकीच्या आठ जणांचा कळवळा वगैरे तिला नंतर आला. आधी आला तो निव्वळ राग. एवढ्या वर्षांत या घरात जी जी गोष्ट बिघडली ती घरातल्या घरात मिटवायची म्हणून तिच्याच अंगावर मिटली होती. तिने भावजींच्या टेबलावरची फॉर्मची वही उचलली आणि तिथेच उभी राहून एकेकाला फोन लावला. तुमच्या तिकिटावर दुसऱ्याचा फोटो आहे, उद्या सकाळी नऊला बसस्टॉपवर, ओरिजिनल ओळखपत्र, दोन फोटो. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल, झेरॉक्स आणलीत तर मी ओळख देणार नाही. भावजी म्हणत होते, वहिनी, माझ्या पोटावर पाय देताय. ती फोनवरचा हात न काढता म्हणाली की पाय तुमचाच आहे, फक्त दुसऱ्यांच्या पोटावरचा दिसतो आहे आता.

मग ती मामंजींसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मामंजी अर्धा तास बोलले. रेकॉर्ड रूमची सगळी कथा पुन्हा झाली. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी दोरा गळ्यातून काढला, कपाट उघडलं, पाकीट दिलं आणि म्हणाले, संध्याकाळी परत. थोरलीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर आठच्या आठ आले होते. दाढीवाला वॉर्डबॉय होता, दोन बहिणी होत्या, आणि लॅबमध्ये नव्याने लागलेली एक पोरगी होती. तिला थोरलीनेच दंडाला पट्टा बांधून शीर कशी शोधायची ते शिकवलं होतं आणि सगळ्या लॅबमध्ये तिला चिमणी म्हणत. भावजीही आले, मान खाली घालून. थोरलीनेच फर्मावलं होतं, पापाचे धनी तुम्ही, रांगेत आधी तुम्ही.

मदत कक्ष म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, एक खिडकी, आणि खिडकीमागे एक कारकून बाई. बाईंचा आवाज बसलेला, कारण दिवसभर त्या एकच वाक्य बोलत होत्या: ओरिजिनल दाखवा. त्यांनी नऊ तिकिटं एकापुढे एक मांडली, फोटोंची साखळी बघितली आणि कपाळाला हात लावला. मग भावजींकडे बघून शांतपणे विचारलं की नंबर कुणाचा आहे हा, सगळ्यांना एकच. भावजी म्हणाले, माझा. बाई म्हणाल्या, मग परीक्षाही तुम्हीच द्या.

पण काम त्यांनी चोख केलं. प्रत्येकाचा अर्ज घेतला, ओळखपत्र उलटसुलट करून दिव्याखाली तिरकं धरून बघितलं, चेहऱ्याशी ताडलं, नवा फोटो स्कॅन केला, अर्जावर समोर सही घेतली, मोबाईल नंबर ज्याचा त्याचा करून दिला. दोघांनी सांगूनसवरून प्रतच आणली होती, त्यांना परत पाठवलं, उद्या पाचपर्यंत या म्हणून, आणि ते आले. निघताना बाईंनी सगळ्यांना बजावलं की अठ्ठेचाळीस तासांत नवं तिकीट निघेल, ते नव्याने छापा, जुनं फाडून टाका. तिकिटावर आधी सही करू नका, अंगठा उठवू नका, ते वर्गात पर्यवेक्षकांसमोर करायचं. आणि हेच ओळखपत्र आणा, जे मी आत्ता बघितलं, याचा भाऊबंद नको. थोरली मनातल्या मनात म्हणाली की बाई, तुम्हाला आमच्या घरी पाठवायला पाहिजे.

ते दोघे येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी नवी तिकिटं निघाली. थोरलीच्या तिकिटावर थोरली होती, जरा रागावलेली, पण तीच. तिने नऊही तिकिटं स्वतः तपासली, फोटो, नाव, तारीख, केंद्र, वेळ. ज्याचं त्याच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचून घेतलं. लोक तिला आता ताई म्हणायला लागले होते.

घरी मात्र मामंजी रोज संध्याकाळी दारात उभे. आणलंस का परत? थोरली म्हणे, परीक्षा होऊ दे. ते म्हणत, पर्समध्ये ठेवतात का ओरिजिनल? बसमध्ये पाकीट मारलं तर? भिजलं तर? दुमडलं तर? ती म्हणे, मामंजी, माझं आहे ते. मामंजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका रात्री अर्धीच भाकरी खाल्ली आणि उठले. थोरलीला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण पर्स तिने उशाशी घेतली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिने पारदर्शक पिशवी भरली: तिकीट, ओळखपत्र, दोन फोटो, दोन पेनं. ओळखपत्र पाकिटातून काढून हातात घेतलं, दिव्याखाली तिरकं धरलं. कोपऱ्यातला चमकता शिक्का हिरवा झाला, मग जांभळा. पिशवी पर्समध्ये, पर्स खुंटीला.

सकाळी ती अंघोळीला गेली. परत आली, पर्स उचलली, चेन उघडून बघितलं. तिकीट दिसलं, ओळखपत्रावरचा स्वतःचा चेहरा दिसला. चेन लावली. मामंजी दारात उभे होते, आज चेहरा निवळलेला. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, जा, निर्धास्त जा. थोरलीला भरून आलं. वाटलं, म्हातारा माणूस, समजला शेवटी.

केंद्र म्हणजे एक शाळा. आठ वाजता दार उघडणार, नऊला बंद, नऊ एकला देव आला तरी आत नाही, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. थोरलीची माणसं बाहेर जमली होती आणि भावजीही स्कूटर घेऊन आले होते, कुणाला काही लागलं तर म्हणून. आठवड्याभरात त्यांच्यात बराच फरक पडला होता. थोरलीने सगळ्यांना आधी रांगेत लावलं. पुन्हा एकदा प्रत्येकाला विचारलं, ओरिजिनल? ओरिजिनल, ताई. एकेक जण आत जाताना ती बघत होती. दाढीवाला गेला, बहिणी गेल्या, चिमणी वळून हात हलवून गेली. मग आठ वाजून वीस मिनिटांनी थोरलीचा नंबर आला.

दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं, तिचा चेहरा बघितला, मान हलवली. मग ओळखपत्र हातात घेतलं आणि तिरकं केलं. पुन्हा तिरकं केलं. उन्हात धरलं. उलटं केलं. बोटाने कोपरा घासला.

“ही प्रत आहे, बाई,” तो म्हणाला. “ओरिजिनल द्या.”

थोरली म्हणाली, ओरिजिनलच आहे ते. त्याने तिच्याच हातात दिलं. तिने तिरकं धरलं. शिक्का राखाडी होता. हिरवा नाही, जांभळा नाही, नुसता राखाडी, छापलेला. पिशवीत तिने बोटं घातली, पर्स उलटी केली, सगळं माहीत असूनही उलटी केली. तिला न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज आठवला, आणि दारातला तो निवळलेला चेहरा, आणि डोक्यावरचा हात.

दारावरचा माणूस वाईट नव्हता. दुसरं काही आहे का, असं त्याने विचारलं, पासपोर्ट, गाडीचा परवाना, फोटो असलेलं कुठलंही यादीतलं मूळ. थोरलीकडे हॉस्पिटलचा पास होता, पण तो कंत्राटदाराचा, यादीत नव्हता. आतल्या वरिष्ठ बाईंना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं, चाळीस मिनिटं आहेत, घरून मागवा. थोरलीने घरी फोन लावला. मामंजींनी पहिल्या घंटेला उचलला.

“काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “ओरिजिनल कपाटातच आहे.”

भावजींनी ते ऐकलं आणि स्कूटरला किक मारली. घर तिथून पंधरा मिनिटांवर. जायला पंधरा, यायला पंधरा, म्हणजे नऊला दहा कमी. थोरली दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रांग सरकत होती. पोरं, पोरी, कुणाची आई पाण्याची बाटली घेऊन, कुणी शेवटचं पान वाचत. पाऊण तासात माणसाच्या डोक्यात किती गोष्टी येतात. तिने मनातल्या मनात मामंजींना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या, मग आपल्याला दिल्या. सकाळी चेन उघडून चेहरा बघितला, शिक्का का नाही बघितला? आठ जणांना दारात उभं करून ओरिजिनल का म्हणून विचारलं, आपल्याला कोण विचारणार होतं?

नऊला दहा झाले. नऊला पाच झाले. तिने फोन लावला, भावजींचा लागला नाही. दारावरचा माणूस दोनदा तिच्याकडे बघून घड्याळाकडे बघायला लागला. नऊला दोन मिनिटं असताना त्याने दाराचं एक कवाड लावून घेतलं आणि दुसरं धरून उभा राहिला. ठोक्याला त्याने तेही लावलं. आतून कडी बसल्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.

स्कूटर नऊ वाजून चार मिनिटांनी आली. भावजींनी ती उभी केली नाही, सोडली, आणि ती रस्त्यात आडवी झाली. हातात पाकीट. ते दारावर दोन्ही हातांनी बडवत राहिले. आतून फक्त एवढंच आलं की नाही हो, आता नाही.

थोरलीने विचारलं, कुठे होतात? भावजी रस्त्यावरच खाली बसले. त्यांना नीट सांगता येईना. मामंजींनी कपाट उघडलं होतं, पण हातात देईनात. म्हणाले, स्कूटरवरून ओरिजिनल न्यायचं तर आधी प्रत काढ, पडलं तर काय राहील आपल्याकडे? भावजींनी हात जोडले, आवाज चढवला. म्हातारा पाकीट छातीशी धरून उभा. शेवटी त्यांनी प्रिंटर सुरू केला. प्रिंटर गरम व्हायला वेळ घेतो. मामंजींनी दोन्ही बाजू काढायला लावल्या. पहिली पुसट आली म्हणून पुन्हा काढायला लावली.

“मी हिसकावून घ्यायला पाहिजे होतं, वहिनी,” भावजी म्हणाले. “बापाच्या हातातून हिसकावता नाही आलं मला.”

थोरलीला या माणसावर ओरडायचं होतं, आठवडाभर ओरडलीच होती, पण आता त्याच्यावर ओरडण्यात काही राहिलं नव्हतं. तिने स्कूटर उचलली, पाकीट घेतलं, आणि मागे बसली. आत त्या वेळी घंटा झाली असणार. चिमणी पहिला प्रश्न वाचत असणार. तिला येईल ते, थोरलीनेच शिकवलं होतं.

घरी मामंजी दुकानाच्या पायरीवर वाट बघत होते. त्यांना दोघांचे चेहरे दिसले, पण त्यांचे डोळे आधी पाकिटावर गेले. त्यांनी हात पुढे केला, पाकीट घेतलं, कार्ड बाहेर काढून कोपरे बघितले, उजेडात धरलं. शिक्का हिरवा झाला, मग जांभळा.

“बघ,” ते म्हणाले, “काही झालं नाही त्याला.”

इतका राग थोरलीला आयुष्यात आला नव्हता, आणि इतकी शांतही ती कधी नव्हती. तिने त्यांच्या हातातून ते कार्ड काढून घेतलं. ओढलं नाही, काढलं, तरी मामंजींची बोटं तशीच धरलेली राहिली. ती आत गेली. कपाट उघडंच होतं, किल्ली भोकात, दोरा लोंबकळत. तिने आपली पाकिटं शोधली: मार्कलिस्ट, लग्नाचा दाखला, अकरा वर्षांची सगळी कंत्राटं. मामंजी मागून आले आणि म्हणू लागले की कुठे नेतेस, कधी आणणार, आधी प्रत तरी काढू दे. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. त्यांना तेव्हा कुठे कळलं असावं, किंवा नसेलही, थोरलीने वळून बघितलं नाही.

एक पाकीट ती शोधत राहिली आणि ते तळाशी सापडलं. मुलीचा जन्मदाखला. पोरगी सोळा वर्षांची, यंदा तिचाही बोर्डाचा फॉर्म, दाराशी उभी राहून आईकडे बघत होती. पेपर कसा गेला हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. थोरलीने पाकीट उघडलं आणि मूळ कागद बाहेर काढला, घडीवर पिवळा पडलेला, कधी कुणाच्या हाताला न लागलेला. तो तिने मुलीच्या हातात दिला.

“हे तुझं आहे,” ती म्हणाली. “मळलं तर मळू दे. पण तुझ्याजवळ ठेव.”

मामंजी काहीतरी म्हणायला पुढे आले. पोरीने कागद पाठीमागे धरला.